उलटं मांडलेलं प्रमाण

‘५ वह्यांना १२० रुपये पडतात, तर ८ वह्यांना किती?’ मुलीने मांडलं: ५/८ = क्ष/१२०. तिरकस गुणाकार बरोबर, भागाकारही बरोबर, उत्तर ७५ रुपये. वही तपासताना अनेकजण इथेच लाल फुली मारून पुढे जातात. पण तिची आकडेमोड कुठेही चुकलेली नाही. चुकली आहे ती फक्त मांडणी, आणि ते तिला दाखवायलाच हवं.

त्यासाठी प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा आहे ते लिहायला सांगावं. डावीकडे ५ वह्या वर, ८ वह्या खाली. मग उजवीकडे ५ वह्यांचे १२० रुपये वरच हवेत; तिने ते खाली नेले. सरळ केलं की ५/८ = १२०/क्ष, म्हणजे १९२ रुपये. दोन्ही बाजू एकदमच उलटल्या, ८/५ = क्ष/१२० असं लिहिलं, तरी १९२च येतात. म्हणून मांडणी उत्तरपत्रिकेपेक्षा वेगळी दिसली की लगेच चूक देऊ नये.

सोडवण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावावी: उत्तर १२०पेक्षा जास्त यायला हवं की कमी? वह्या वाढल्या, पैसे वाढणार. ७५ तिथेच खटकतं.

मात्र ६ मजुरांचं १० दिवसांचं काम ४ मजुरांना दिलं, तर मजूर कमी होतात आणि दिवस वाढतात. हे व्यस्त चलन. इथे ६/४ = क्ष/१०, म्हणजे १५ दिवस. वह्यांच्या उदाहरणात चुकलेली तीच मांडणी इथे बरोबर ठरते.