एसओपीतला गुळगुळीतपणा

2007 साली ब्रिटनमध्ये विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या यूकास या संस्थेने अर्जांमधली निवेदने एकमेकांशी ताडून पाहिली. तेव्हा 234 उमेदवारांचा एकच किस्सा सापडला: आठव्या वाढदिवशी रसायनांच्या खेळाने प्रयोग करताना पायजम्याला भोके पडली आणि विज्ञानाची ओढ लागली. चॅटजीपीटी तेव्हा जन्मालाही आले नव्हते. म्हणजे छापील भावना ही काही यंत्राची देणगी नाही. पण ती चोरी पकडणे सोपे होते, कारण वाक्ये जुळत होती. आज यंत्र प्रत्येकाला वेगळी वाक्ये देते, त्यामुळे नुसते ताडून भागत नाही. वाचावे लागते.

परदेशी विद्यापीठात किंवा शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना जे निवेदन लागते, त्याला आपली मुले सरसकट एसओपी म्हणतात. समजा, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला एक मुलगा पाण्याच्या विषयात एमएस करू पाहतो. त्याच्या निवेदनातला एक परिच्छेद असा आहे: ‘दुष्काळाने होरपळलेल्या गावात मी वाढलो. गावकऱ्यांच्या डोळ्यांतली वेदना पाहून माझे मन हेलावले. बंधाऱ्याच्या कामात सहभागी झालो आणि चिकाटी, सहकार्य व नेतृत्व यांचे महत्त्व कळले. त्या दिवशी उमगले की, मोठा बदल छोट्या पावलांनीच घडतो.’

व्याकरणात खोट नाही, तरी वाचणारा थबकतो. पहिली शंका मन हेलावण्यापाशी येते. कशाने हेलावले? टँकरच्या रांगेने, की शाळा सोडून पाणी भरणाऱ्या बहिणीने? इथे भावनेचे नाव आहे, तिचे कारण नाही. मग एक साधी चाचणी करावी. ‘दुष्काळ’च्या जागी ‘आजारपण’ आणि ‘बंधारा’च्या जागी ‘आरोग्य शिबिर’ घालावे. परिच्छेद नर्सिंगच्या अर्जात बिनदिक्कत चालतो! शेवटी ते तात्पर्य. बंधाऱ्यावर एकही दिवस न जाता लिहिता येईल असे ते आहे, आणि मुख्य म्हणजे त्यानंतर मुलाने काय वेगळे केले हे त्यातून कळत नाही.

आता तोच मुलगा असे लिहितो असे धरू: ‘बंधारा झाल्यावर आमच्या विहिरीला पाणी आले, पण शेजारच्या काकांची विहीर कोरडीच राहिली. दोन्ही विहिरी बंधाऱ्यापासून सारख्याच अंतरावर. काकांनी मला विचारले, मला उत्तर देता आले नाही. पुढे भूजलाचे पुस्तक वाचताना कळले की, आमच्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून जाते, अखंड खडकातून फारसे जात नाही. म्हणून मला भूजल शिकायचे आहे.’ यात ‘वेदना’ हा शब्दही नाही. तरी काकांसमोर गप्प उभा राहिलेला मुलगा दिसतो, आणि त्या गप्प राहण्यातूनच त्याचा विषय ठरतो. ही विहीर नर्सिंगच्या अर्जात हलवता येत नाही.

नुसता तपशील असला म्हणजे झाले, असेही नाही. ‘आजीच्या चुलीचा धूर’, ‘पहिल्या पावसाचा मातीचा वास’ हे यंत्रही मागाल तितके पुरवते. असा तपशील काढून टाकला तरी पुढचे काहीच अडत नाही. काकांची विहीर काढली तर निवेदन कोसळते. माझ्या मते फरक ओळखण्याची सर्वांत भरवशाची जागा हीच.

तरीही संशय म्हणजे पुरावा नव्हे. गुळगुळीत लिहिणारे प्रामाणिक उमेदवार पुष्कळ असतात, विशेषतः आपल्याकडे. शाळेतल्या निबंधाला शेवटी सुविचार जोडला की शाबासकी मिळते. ती सवय पंचविशीतही सुटत नाही. वर सल्लागाराचे ठरावीक साचे असतातच. शोधक सॉफ्टवेअरवर सोपवावे तर ते याच मुलांवर उलटते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध अशा सात साधनांना दिले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक त्यांनी यंत्राचे ठरवले. मोजका शब्दसंग्रह आणि अपेक्षित वाक्यरचना हीच त्यांची खूण होती, आणि परक्या भाषेत जपून लिहिणारा नेमके तसेच लिहितो. त्याच वर्षी ओपनएआयने स्वतःचे शोधक साधनही अचूकता कमी म्हणून बंद केले.

म्हणून शहाणा वाचक समासात ‘यंत्र’ असा शेरा मारत नाही, प्रश्न लिहितो. बंधारा कोणी बांधला? तुझे काम नेमके कोणते होते? काय फसले? शिफारसपत्रात त्याचा उल्लेख आहे का? मुलाखत असेल तर हेच प्रश्न तिथे विचारायचे. साच्यातले लिहिणारा मुलगाही खरोखर बंधाऱ्यावर राबला असेल, तर दोन मिनिटांत सिमेंटची गोणी कोणी उचलली आणि पैसे कुठे अडले यावर येतो. ज्याने विकत घेतले किंवा यंत्राकडून लिहून आणले, तो चिकाटी, सहकार्य आणि नेतृत्व यांकडेच परत येत राहतो.