बायोडेटा उघडण्याआधीच नकार

ऑनलाइन अर्जात बायोडेटा जोडल्यावर काही साधे प्रश्न येतात. त्यांतले काही ‘नॉकआउट’ असतात. नको असलेलं उत्तर कंपनीने जाहिरात टाकतानाच ठरवलेलं असतं. ते आलं की अर्ज आपोआप बाद होतो.

समजा, प्रश्न आहे, ‘३० दिवसांत रुजू व्हाल का?’ तुमचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा, पण उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं. तुम्ही ‘नाही’ निवडता आणि दहा वर्षांचा अनुभव कुणी पाहतच नाही. खुलाशाला जागाच नसते, हा खरा अन्याय. मध्यरात्री अर्ज केल्यावर काही मिनिटांत नकाराचा ईमेल आला, तर बहुधा हेच घडलेलं असतं.

म्हणून अर्जाआधी नेमणूकपत्रातली नोटीसची अट नीट वाचा. खोटं ‘हो’ मात्र लिहू नका. मुलाखतीत ते उघडं पडतं.