राखीगढीचा डीएनए जुनाच, हे कशावरून?

परवा एका काकांनी विचारलं, "हाड हाताळणाऱ्याचाच डीएनए आला नसेल कशावरून?" शंका रास्त आहे.

जुन्या डीएनएचे बारीक तुकडे होतात. तुकड्यांच्या टोकांना सायटोसिन बिघडतं आणि यंत्र 'सी'ऐवजी 'टी' वाचतं. टोकांना असे बदल जास्त, मध्ये कमी, ही जुनेपणाची खूण.

शिवाय मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. एकाच हाडात त्याचे दोन वेगळे प्रकार ठळक दिसले, तर भेसळीचा संशय.

पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरचे ६०हून अधिक नमुने तपासले. २०१९च्या शोधनिबंधात उपयोगी डीएनए एकाच स्त्रीचा होता. तिच्यात स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश आढळला नाही.

पण एकटीवरून अख्ख्या सिंधू संस्कृतीचा निवाडा होत नाही. ती कुठली भाषा बोलायची, हे तर डीएनए सांगतच नाही.