कात्रणांची चिठ्ठी

स्टॅक ही प्रोग्रॅमची कच्ची वही. हातातलं काम संपलं की कुठे परतायचं, तो पत्ता तिथेच लिहिलेला असतो. पूर्वी हल्लेखोर जागेत न मावणारा लांब मजकूर पाठवून तो पत्ता खोडत आणि त्याच मजकुरात दडवलेल्या आपल्या आज्ञांकडे वळवत. मग स्टॅकवरचं काही चालवायचंच नाही, असा नियम आला. विंडोज एक्सपीला तो २००४ साली मिळाला.

पण पत्ता खोडता येतो, ही मूळ खोट तशीच राहिली. २००७ साली होवाव शाखम यांनी दाखवलं की हल्लेखोराला स्वतःच्या आज्ञा आणायची गरजच नाही. वर्तमानपत्रातली अक्षरं कापून धमकीची चिठ्ठी चिकटवावी, तसे प्रोग्रॅममधलेच `ret`ने संपणारे तुकडे तो निवडतो. स्टॅकवर फक्त त्यांचे पत्ते ओळीने मांडतो. प्रत्येक तुकडा संपताना पुढचा पत्ता उचलतो. यात स्टॅकवरचं काहीच चालत नाही, म्हणून नियमही मोडत नाही!

इंटेलच्या आज्ञा कमीजास्त लांबीच्या असल्याने तर कुणी न लिहिलेले तुकडेही सापडतात:

```
41 5f c3   pop r15; ret
   5f c3   pop rdi; ret
```

एक बाइट सोडून वाचलं की आज्ञा बदलते. लिनक्सवर `rdi`मध्ये फंक्शनला द्यायची पहिली किंमत असते. तिथे `/bin/sh` या अक्षरांचा पत्ता भरून पुढे `system` गाठलं, की हल्लेखोराला शेल मिळतं.

अलीकडचे काही प्रोसेसर परतीच्या पत्त्याची दुसरी, सुरक्षित प्रत ठेवतात. जुळलं नाही तर प्रोग्रॅम थांबतो. `jmp`ने जोडलेल्या साखळ्या मात्र या तपासणीत येत नाहीत.