कॉल ऐकू येतो, गाणं मात्र नाही

फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला दिसतो. कॉल आला की समोरच्याचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो, पण गाणं लावलं की ते फोनमध्येच वाजत राहतं. ही तक्रार फार जणांची असते आणि स्टिरिओ बिघडला असं वाटून लोक गॅरेज गाठतात. बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. ब्लूटूथमध्ये कॉल आणि संगीत यांच्या वाटा वेगळ्या असतात. कॉल एचएफपी नावाच्या प्रोफाइलवरून जातो, गाणी एटूडीपीवरून. एक चालू असताना दुसरं बंद असू शकतं.

म्हणून गाडी उभी असतानाच क्रमाने तपासावं. आधी स्टिरिओचा सोर्स बघा. तो रेडिओवर असला तरी कॉल ऐकू येतो, गाणं येत नाही. सोर्स ब्लूटूथच असेल, तर अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावाशेजारच्या चिन्हावर टिचकी मारा. तिथे कॉल आणि मीडिया यांची बटणं वेगवेगळी दिसतात. मीडियाचं बंद असेल तर चालू करा. तरीही गाणं वाजलं नाही, तर जुनी जोडणी फोनमधून आणि स्टिरिओमधूनही काढून टाका आणि पुन्हा नव्याने जोडा. एकाच बाजूने काढली, तर दुसरीकडे जुनी नोंद राहते आणि जोडणी अडते. स्टिरिओ ठरावीक संख्येचेच फोन लक्षात ठेवतो. यादी भरली असेल तर नवा फोन घेत नाही. अशा वेळी जुन्या फोनची नावं पुसावी लागतात.

ऑक्सच्या वायरला जोडणीची कटकट नाही. आवाज बारीक येत असेल तर फोनचा व्हॉल्यूम बराच वर न्या आणि बाकीचा स्टिरिओवर जुळवा. फोन गाडीतच चार्जिंगला असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमध्ये चिरका आवाज चढत जात असेल, तर चार्जर काढून बघा. आवाज थांबला, तर चार्जर आणि ऑक्स या दोन वाटांनी जमिनीचं वर्तुळ तयार होऊन इंजिनाच्या अल्टरनेटरचा विजेचा गोंगाट गाण्यात शिरतोय. ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर बसवला की तो जातो.

यूएसबीने फोन चार्ज होतो पण स्टिरिओला दिसत नाही, तेव्हा पहिला संशय केबलवर घ्यावा. काही स्वस्त केबल्समध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. दुसरी केबल लावून खात्री होते. केबल नीट असेल आणि अँड्रॉइड फोन असेल, तर फोनच्या सूचनेत जाऊन यूएसबीचा वापर File transfer असा निवडा. तरीही दिसला नाही, तर तो स्टिरिओ फोन वाचतच नसेल, फक्त पेन ड्राइव्ह वाचत असेल. मग FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर एमपीथ्री गाणी भरून लावणं हाच सरळ उपाय आहे.