बेरीज जुळली, तरी ट्रस कोलमडला

रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलावरून गाडी धडधडत जाते, तेव्हा खिडकीबाहेर तिरक्या दांड्या एकामागून एक सरकत जातात. हा सांगाडा म्हणजे ट्रस. घराच्या छपराखाली असतो तेव्हा सुतार त्याला कैची म्हणतात. त्यातली एखादी तिरकी दांडी काढून दुसरीकडे बसवली तर चालेल का? कागदावर याचा पहिला अंदाज नुसत्या मोजणीने येतो.

नऊ मीटर लांबीचा एक छोटा ट्रस घेऊ. तीन-तीन मीटरचे तीन चौकोन शेजारी शेजारी. खाली डावीकडून अ, ब, क, ड असे चार सांधे आणि त्यांच्या बरोबर वर आणखी चार, म्हणजे एकूण आठ. खालच्या आडव्या दांड्या तीन, वरच्या तीन, उभ्या चार आणि प्रत्येक चौकोनात एक तिरकी अशा तीन. झाल्या तेरा. ‘अ’ला बिजागरीचा आधार आहे, तो ट्रसला वर-खालीही सरकू देत नाही आणि आडवाही, म्हणून त्याच्याकडून दोन प्रतिक्रिया मिळतात. ‘ड’खाली रोलर आहे, तो फक्त उचलून धरतो; त्याची एक. प्रतिक्रिया एकूण तीन.

आता हिशेब. प्रत्येक दांडीत किती ताण किंवा दाब आहे ते माहीत नाही, ही तेरा अज्ञाते. त्यात आधारांची तीन मिळवली की सोळा. समीकरणे कुठून आणायची? सांधा जागचा हलत नसेल तर त्याच्यावरची आडवी बले एकमेकांना छेदली पाहिजेत आणि उभीही. म्हणजे प्रत्येक सांध्याची दोन समीकरणे, आठ सांध्यांची सोळा. सूत्रात लिहायचे तर m + r = 2j: दांड्या आणि प्रतिक्रिया मिळून सांध्यांच्या दुप्पट. डावी बाजू कमी भरली तर सांगाडा हलणारच. जास्त भरली तर निदान एक तरी बल जादा आहे, आणि ते केवळ समतोलाच्या समीकरणांतून निघत नाही. दांड्या किती ताणल्या जातात हेही बघावे लागते. उदाहरणार्थ, ‘ड’लाही बिजागरी बसवली तर बेरीज सतरा होते. मग उन्हात तापलेला ट्रस लांब व्हायला बघतो आणि त्याला वाव नसल्याने दांड्यांत ताण-दाब निर्माण होतात. रोलर होता तेव्हा तो मुकाट्याने दोन-तीन मिलिमीटर सरकला असता.

एका चौकोनात दोन तिरक्या दांड्या एकमेकींना ओलांडत असतील, तर जिथे त्या छेदतात तो सांधा धरायचा का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास पडतो. काहीही धरा. सांधा धरला तर दोन दांड्यांच्या चार होतात, उजवीकडेही दोनच वाढतात. फरक पडत नाही.

खरी गंमत मात्र बेरीज जुळल्यावर सुरू होते. मधल्या चौकोनातली तिरकी दांडी काढून पहिल्या चौकोनात दुसरी तिरकी म्हणून बसवू. दांड्या अजून तेराच, बेरीज अजून सोळाच. पण मधला चौकोन आता नुसता चौकोन आहे, आणि टोकांशी खिळलेला चौकोन तिरपा होतो हे खाटेला आधार न देणाऱ्या कुठल्याही सुताराला विचारा. पहिल्या चौकोनात एक दांडी जादा, मधल्यात एक कमी. बेरजेला हे दिसत नाही. जर्मन गणिती मोबियसने १८३७च्या स्थितिशास्त्रावरील ग्रंथातच या मोजणीचे अपवाद नोंदवले होते.

मग ओळखायचे कसे? मधल्या चौकोनातून कल्पनेनेच उभी कात्री फिरवायची. कापल्या जातात फक्त दोन दांड्या, दोन्ही आडव्या. समजा ‘ब’वर तीन टन ठेवले. ‘अ’ दोन टन उचलतो, ‘ड’ एक. डाव्या तुकड्यावर तीन टन खाली आणि दोनच वर. उरलेला एक टन उजवीकडे पोचवायला तिरकी दांडी हवी, आडव्या दांड्या तो वाहू शकत नाहीत. डावा भाग ‘ब’पाशी खाली झुकतो, उजवा ‘क’पाशी वर उचलला जातो.

यात एक सापळा आहे. ‘ब’ आणि ‘क’ दोन्हींवर तीन-तीन टन ठेवले, तर दोन्ही आधार तीन-तीन टन उचलतात, मधल्या चौकोनातून काहीच वाहायचे उरत नाही आणि समीकरणे निमूटपणे जुळतात. सममित भारावर तपासणाऱ्याला ट्रस ठणठणीत वाटतो. म्हणून निदान एकदा भार एकाच बाजूला ठेवून पाहावे.

हीच फसवणूक आधारांतही होते. मूळ ट्रसखाली बिजागरीऐवजी तीनही रोलर ठेवले तर प्रतिक्रिया तीनच, बेरीज सोळाच. पण तिन्ही उभ्या. वाऱ्याची एक आडवी झुळूक आणि अख्खा ट्रस चाकांवरच्या गाडीसारखा निघाला. तिन्ही प्रतिक्रियांच्या रेषा एकाच बिंदूतून जात असतील तरी तेच: त्या बिंदूभोवतीची पहिली किंचितशी गिरकी त्या रोखू शकत नाहीत.

प्रत्यक्षात दांड्या निखळ बिजागरीने जोडलेल्या नसतात. जाड पत्र्यावर रिबेटा ठोकलेल्या किंवा वेल्ड केलेल्या असतात. म्हणून तिरकी नसलेला चौकोन लगेच कोसळेलच असे नाही. तो वाकून तग धरतो, आणि त्या वाकण्यासाठी त्या दांड्या कुणी जाड केलेल्या नसतात.