विश्लेषण : नोटीस निघते, पट्टे रंगवले जातात... मशीन शॉपमधील ‘फाइव्ह एस’ मोहीम टिकत का नाही?

पिंपळे सौदागरच्या कोकणे चौकात सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्यांपैकी अनेक जण भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या कारखान्यांत काम करतात. त्यांच्या मोबाइलवर, शॉपच्या ग्रुपवर अधूनमधून एक परिपत्रक येऊन पडते. मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. सोमवारपासून मशीन शॉपमध्ये ‘फाइव्ह एस’ मोहीम सुरू होत आहे, नको असलेल्या वस्तू काढून टाकाव्यात, प्रत्येक वस्तूला जागा द्यावी, मशीन व परिसर स्वच्छ ठेवावा, शनिवारी ऑडिट होईल. खाली व्यवस्थापकांची सही. यावर ग्रुपमध्ये उमटणारी पहिली प्रतिक्रियाही ठरलेली असते : ‘कुठला कस्टमर येतोय?’ हा प्रश्न निव्वळ थट्टेचा नाही. अशा मोहिमा का सुरू होतात आणि का विरतात, याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

परिपत्रकातील पाच शब्द कोणते?

सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके हे मूळचे पाच जपानी शब्द. इंग्रजीत त्यांचे सॉर्ट, सेट इन ऑर्डर, शाइन, स्टँडर्डाइज आणि सस्टेन असे झाले. मराठीत छाटणी, मांडणी, सफाई, प्रमाणीकरण आणि सातत्य म्हणता येईल. शेवटच्या शब्दाचा जपानी अर्थ खरे तर शिस्त, वळण असा आहे. मुलांना वळण लावणे म्हणतात, त्यातले वळण. पाचही गोष्टींचा क्रम महत्त्वाचा आहे. छाटणी न करता मांडणी केली, तर निरुपयोगी सामानालाही लेबल लावून मानाची जागा मिळते. अनेक शॉपमध्ये नेमके हेच होते, कारण पिवळे पट्टे मारणे सोपे असते आणि एखादी वस्तू टाकून द्यायची की ठेवायची, हे ठरवणे अवघड.

मोहीम छाटणीपाशीच का अडते?

छाटणीची रूढ पद्धत रेड टॅगची आहे. जी वस्तू ठरावीक काळात, समजा ३० दिवसांत, वापरली गेली नाही, तिला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, संख्या, कोणी बांधली, कधी बांधली आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचा, हे लिहायचे. मग ती वस्तू आखून दिलेल्या रेड टॅग क्षेत्रात न्यायची. तेथून तिला तीनच वाटा असतात. ती पुन्हा जागेवर येते, दुसऱ्या विभागाकडे किंवा गोदामात जाते, नाही तर भंगारात निघते.

अडचण येते ती निर्णय कोण घेणार या प्रश्नावर. कोपऱ्यात धूळ खात पडलेले फिक्श्चर ऑपरेटरच्या दृष्टीने अडगळ असते. पण ते वाहन कंपनीने स्वतःच्या पैशाने बनवून दिलेले असेल, तर ती ग्राहकाची मालमत्ता ठरते आणि त्याच्या लेखी परवानगीशिवाय भंगारात काढता येत नाही. मॉडेल बंद झाले, तरी सुट्या भागांची मागणी पुढे अनेक वर्षे येत राहते. त्यामुळे सुपरवायझर निर्णय घ्यायला कचरतो, खरेदी विभाग दर्जा विभागाकडे बोट दाखवतो आणि चिठ्ठी बांधलेले सामान तसेच राहते. जुन्या अडगळीला नवी जागा आणि लाल रंग, एवढाच फरक पडतो.

उलट घाईचाही धोका असतो. कॅलिब्रेशनची मुदत संपलेले गेज, तपासणीत नापास झालेले जॉब आणि दुरुस्तीसाठी ठेवलेले जॉब हे तीन प्रकार ‘नको असलेले सामान’ म्हणून एकाच बिनमध्ये गेले की गोंधळ पक्का. नापास जॉब साफसफाईच्या धांदलीत चांगल्या मालात मिसळला, तर ती चूक ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर उघड होते. म्हणून रिजेक्शनचा लाल बिन छाटणीच्या दिवशी हलवू नये, त्याचा हिशेब आधी करावा, असे जुने जाणते लोक सांगतात.

आणखी एक गोष्ट परिपत्रकात कधीच लिहिलेली नसते. मशीनशेजारच्या ड्रॉवरमध्ये सेटरने जपून ठेवलेले चार कार्बाइड इन्सर्ट, हाताने घासून बारीक केलेला पाना, एक जादा अ‍ॅलन की. मोहिमेत हा साठा ‘अनधिकृत’ म्हणून पहिल्यांदा जप्त होतो. पण तो का जमला, हे विचारले जात नाही. रात्रपाळीत टूल क्रिब बंद असते. पहाटे तीनला इन्सर्ट तुटला, तर उत्पादन थांबते आणि सकाळी जाब सेटरलाच द्यावा लागतो. क्रिबची वेळ न बदलता ड्रॉवर रिकामा केला, तर पंधरवड्यात दुसरा साठा तयार होतो. या वेळी तो लॉकरमध्ये असतो, कुणाला न दिसणाऱ्या जागी.

मांडणीने किती वेळ वाचतो?

हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजणे सोपे आहे. समजा, एका सीएनसी टर्निंग मशीनवर एक जॉब संपून दुसरा लावायचा आहे. हेल्परने मोबाइलवर वेळ लावून सेटरच्या मागे फिरायचे आणि शॉपच्या नकाशावर त्याच्या प्रत्येक फेरीची रेघ ओढायची. मशीन एकूण ५० मिनिटे थांबले. सॉफ्ट जॉ जुन्या ग्राइंडिंग मशीनमागच्या रॅकमध्ये होते, बोरिंग बार शेजारच्या मशीनवर, प्लग गेज दर्जा विभागात आणि अ‍ॅलन की कुणाच्या तरी खिशात. चालण्या-शोधण्यात १८ मिनिटे गेली. दिवसाला अशी तीन सेटिंग होत असतील, तर ५४ मिनिटे होतात. महिन्याच्या २५ दिवसांत साडेबावीस तास. एका मशीनच्या आठ तासांच्या जवळपास तीन पाळ्या फक्त शोधाशोधीत गेल्या. मोहिमेआधी हे मोजले नसेल, तर नंतर काय साधले ते सांगता येत नाही. उरतात ते फक्त आधीचे आणि नंतरचे फोटो.

मांडणीचा अर्थ इथे कळतो. सॉफ्ट जॉचेच उदाहरण घेऊ. चकवर बसणारे हे तीन मऊ जबडे त्या-त्या जॉबच्या मापाला बोअर केलेले असतात आणि एक, दोन, तीन या क्रमाने चकच्या त्याच खाचांत बसावे लागतात. रॅकमध्ये ढीग करून ठेवले आणि दोन संचांतले जबडे मिसळले, तर जॉब रन आउट मारतो. मग पुन्हा बोअर करावे लागते. प्रत्येक वेळी जबड्याचे आयुष्य थोडे कमी होते. एरवीही पुन्हा बसवल्यावर हलका कट घ्यावा लागतोच, पण तो वेगळा आणि नवा संच शोधणे वेगळे. उपाय साधा आहे : तीन जबडे एका डब्यात, डब्यावर जॉब क्रमांक, जबड्यांवर खोदलेले आकडे आणि जड डबे कमरेच्या उंचीवर.

भिंतीवर हत्याराच्या आकाराची सावली रंगवलेला फलक मात्र सगळीकडे चालत नाही. तीन मशीनना मिळून एकच टॉर्क पाना असेल, तर एका मशीनशेजारी त्याची सावली रंगवून काही साधत नाही. पाना तिघांच्या मध्ये हवा किंवा दुसरा विकत घ्यायला हवा. खर्चाचा हा मुद्दा निघाला की मोहिमेचा उत्साह हमखास ओसरतो.

मशीन पुसण्यात पाहणी कुठे आली?

सफाईचा हेतू चकाकी हा नसून बिघाड लवकर दिसावा हा आहे. कूलंटच्या टाकीवर तेलाचा तवंग वाढत असेल, तर स्लाइडचे तेल किंवा हायड्रॉलिक तेल कुठून तरी गळत आहे. रोज पुसणाऱ्यालाच ही वाढ कळते. मात्र शनिवारच्या ऑडिटसाठी घाईने हवेच्या गनने चिप्स उडवल्या, तर त्या स्लाइडच्या वायपरखाली शिरतात आणि डोळ्यांतही जाऊ शकतात. लांब, धारदार चिप्स हुकने काढायच्या, हाताने नव्हे, आणि तेही मशीन बंद करून. सफाई ड्युटीच्या वेळेत धरलेली नसेल, तर ती चालू मशीनवर केली जाते. म्हणून पाळी संपण्याआधीची दहा मिनिटे उत्पादनाच्या उद्दिष्टातून वजा केली आहेत का, हे परिपत्रकात शोधण्यासारखे वाक्य आहे.

महाराष्ट्रातील गिरण्यांचा अनुभव काय सांगतो?

टिकण्याच्या प्रश्नावर एक पुरावा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे, पण तो मशीन शॉपचा नसून कापड गिरण्यांचा आहे. निकोलस ब्लूम आणि सहकारी अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये पालघर जिल्ह्यातील तारापूर आणि गुजरात हद्दीतील उंबरगाव परिसरातील गिरण्या निवडल्या. काहींना अनेक महिने मोफत सल्लागार दिले, काहींना फक्त सुरुवातीची तपासणी. यातील ३८ पद्धतींमध्ये जमीन अडथळ्यांपासून मोकळी ठेवणे, सुट्या भागांची नीट मांडणी, यंत्रांची वेळेवर देखभाल अशा ‘फाइव्ह एस’च्या जातकुळीतल्या गोष्टी होत्या, तशाच साठ्याच्या आणि दर्जाच्या नोंदीही होत्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हे श्रेय एकट्या साफसफाईचे नव्हे, संपूर्ण संचाचे. सल्ला विकणाऱ्यांच्या सादरीकरणात हा फरक सहसा गाळला जातो.

पुढचा भाग अधिक उपयोगी आहे. सुमारे नऊ वर्षांनी अभ्यासक त्याच गिरण्यांत परत गेले, तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडलेल्या होत्या. तरीही सल्ला न मिळालेल्या गिरण्यांपेक्षा त्या बऱ्याच पुढे होत्या. पद्धती का सुटल्या, याची सर्वाधिक दिलेली दोन कारणे होती : व्यवस्थापक बदलले आणि मालकांना लक्ष द्यायला वेळ उरला नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात यात तिसरी गोष्ट मिळवावी लागेल. ठेकेदारीवरचे आणि प्रशिक्षणार्थी कामगार इथे सतत बदलतात. जॉचा डबा कुठे आणि का ठेवायचा, हे ज्याला शिकवले तो पुढच्या दिवाळीत दुसऱ्या कंपनीत असतो.

मोहीम टिकली की नाही, हे कसे ओळखावे?

ऑडिटच्या गुणपत्रिकेवरून फारसे कळत नाही. पाचपैकी चार गुण सगळ्यांना मिळू लागले की परीक्षक एकमेकांना सांभाळून घेत आहेत, असे समजावे. शॉपमध्ये पाच मिनिटे उभे राहिले, तर जास्त कळते. रेड टॅगवरील निर्णयाची तारीख उलटून किती दिवस झाले? सावलीच्या फलकावरील पाने जागेवर आहेत, पण त्यांच्यावर धूळ आहे का? असेल, तर वापरातली हत्यारे दुसरीकडे आहेत. मोहिमेनंतर आलेल्या नव्या फिक्श्चरला जागा मिळाली, की ते पिवळ्या पट्ट्यावरच उभे आहे? दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाला विशिष्ट जॉबचे सॉफ्ट जॉ आणायला सांगितले, तर तो कुणाला न विचारता आणतो का?

पुढचे परिपत्रक ग्रुपवर येईल, तेव्हा त्यात शनिवारच्या ऑडिटची वेळ नक्की असेल. रेड टॅग क्षेत्रातील सामानाचा निर्णय कोण घेणार आणि रात्रपाळीत टूल क्रिबची चावी कोणाकडे राहणार, हे बहुतेकांत लिहिलेले नसते.